चार्ज होतच नाही! गंधकाच्या बॅटरीची साठ वर्षांची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिथियम-सल्फर सेल बनवला. नाण्याएवढा, घड्याळात असतो तसा. संध्याकाळी टेस्टरवर चार्जिंगला लावला आणि घरी गेले. हिशेबाप्रमाणे दहा तासांत चार्जिंग संपायला हवं होतं. सेल भरत आला की व्होल्टेज झपकन वर जातं, २.८ व्होल्टला मशीन आपोआप थांबतं. सकाळी येऊन बघते तर स्क्रीनवरची रेघ २.३५ च्या आसपास आडवी पडलेली. म्हटलं, अजून थोडा वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी बघितलं, तरी रेघ तिथेच! वीज जातेय, सेल घेतोय, पण भरत काही नाही.

आमचे एक सिनियर मागून आले, स्क्रीनकडे बघून हसले आणि म्हणाले, "नायट्रेट घालायला विसरलीस ना?"

हो, विसरले होते. पण नायट्रेट नसलं तर सेल भरत का नाही, आणि असलं तरी हा सेल बाजारात का मिळत नाही, या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात. आजची पोस्ट त्याबद्दल. थोडी मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गंधकच का?

आधी या सेलचं एवढं आकर्षण का ते बघू. कुठल्याही बॅटरीत दोन इलेक्ट्रोड असतात. आपल्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं आणि दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल असल्या धातूंचं ऑक्साइड. लिथियम या दोघांमध्ये ये-जा करतं. ऑक्साइडमध्ये लिथियमला राहायला ठराविक जागा असतात, आणि त्या जागा धरून ठेवायला बाकीचा सगळा जड सांगाडा वागवावा लागतो. म्हणून अशा ऑक्साइडचा एक ग्रॅम साधारण १५० ते २०० मिलिअँपिअर-तास एवढाच विद्युतभार साठवतो.

गंधकाचं तसं नाही. गंधकाचा प्रत्येक अणू दोन लिथियम घेतो आणि Li₂S तयार होतं. सांगाडा वगैरे काही नाही, सगळं गंधक कामाला. हिशेब केला तर एका ग्रॅमला १६७५ मिलिअँपिअर-तास येतात. व्होल्टेज मात्र कमी, सरासरी २.१ च्या आसपास, लिथियम-आयनमध्ये ते ३.७ असतं. तरीही समोर लिथियम धातूचा पत्रा ठेवला आणि फक्त या दोन पदार्थांचं वजन धरलं, तर किलोमागे जवळजवळ २६०० वॉट-तास मिळायला हवेत. आजचे चांगले लिथियम-आयन सेल किलोमागे २५० ते ३०० वॉट-तास देतात. शिवाय गंधक स्वस्त. तेलशुद्धीकरण कारखान्यांत ते तेलातून काढावंच लागतं आणि पिवळे ढीग साचतात.

ही गोष्ट लोकांना फार पूर्वीच कळली होती. १९६२ साली अमेरिकेत हर्बर्ट आणि उलाम या दोघांच्या नावावर एक पेटंट नोंदलं गेलं, त्यात गंधकाचा कॅथोड वापरून सेल बनवण्याची कल्पना आहे. म्हणजे तुमच्या फोनमधल्या बॅटरीपेक्षा ही कल्पना जवळजवळ तीस वर्षांनी मोठी आहे. सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली १९९१ मध्ये. मग धाकटी पुढे गेली आणि थोरली मागे राहिली, असं का झालं?

विरघळणं हा रोग की औषध?

गंधकात एक मोठी अडचण आहे. ते विजेचं अतिशय दुर्वाहक आहे. आणि डिस्चार्ज झाल्यावर जे Li₂S बनतं तेही दुर्वाहकच. म्हणजे इलेक्ट्रोड सुरुवातीला दगड आणि शेवटीही दगड. कार्बनची पूड मिसळून आपण वीज गंधकाच्या दारापर्यंत नेऊ शकतो, पण कणाच्या पोटात कशी नेणार?

सेलमध्ये हे काम कोण करतं, तर मधले पदार्थ. गंधकाचा रेणू म्हणजे आठ अणूंचं कडं, S₈. लिथियम आलं की हे कडं तुटतं आणि त्याची साखळी होते, तिच्या दोन्ही टोकांना लिथियम. पुढे साखळी तुटत तुटत छोटी होते: आठाची, सहाची, चाराची, आणि शेवटी दोनाची आणि एकाची. या साखळ्यांना पॉलिसल्फाइड म्हणतात. लांब साखळ्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या द्रवात, मस्त विरघळतात. छोट्या विरघळत नाहीत, त्या तळाला साचतात.

म्हणजे गंधक घनातून द्रवात येतं, द्रवातून कार्बनच्या पृष्ठभागापर्यंत पोचतं, तिथे त्याला इलेक्ट्रॉन मिळतात, आणि शेवटी ते Li₂S होऊन परत घनरूपात बसतं. डिस्चार्जच्या आलेखात हे स्वच्छ दिसतं. आधी २.३ ते २.४ व्होल्टवर एक छोटी पायरी, तिथे एकूण क्षमतेचा पाव भाग संपतो. मग २.१ व्होल्टवर एक लांब सपाट पायरी, उरलेला पाऊण भाग तिथे. पहिल्या पायरीवर गंधक विरघळत असतं, दुसरीवर परत घन होत असतं.

हे विरघळणं झालंच नाही तर सेल चालतच नाही. एवढं वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ईआयसी प्रयोगशाळेतल्या राऊ, अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर सरळ विरघळलेल्या गंधकाचाच सेल बनवला. विरघळतंय ना, मग विरघळू दे, द्रवालाच कॅथोड म्हणू, असा त्यांचा रोख. इस्राएलमध्ये पेलेद आणि मंडळींनी १९८९ मध्ये डायऑक्सोलेन नावाच्या द्रावकावर आधारलेले इलेक्ट्रोलाइट तपासले. त्याच्यामुळे लिथियमवर बरा थर बसतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जे मिश्रण वापरतात त्यातही डायऑक्सोलेन आहेच. लिथियम-आयनमधला कार्बोनेट जातीचा इलेक्ट्रोलाइट इथे चालत नाही, कारण पॉलिसल्फाइड त्याच्यावर हल्ला करून त्याची वाट लावतात. त्यामुळे त्या उद्योगाने एवढ्या वर्षांत तयार केलेला द्रव आम्हाला आयता वापरता येत नाही.

त्याच वर्षी, १९८९ मध्ये, आणखी एक घटना घडली. कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूचे चार्ज होणारे सेल बाजारात आणले होते. त्यांच्यात गंधक नव्हतं, कॅथोड मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा होता, पण ॲनोड मात्र लिथियमचा पत्रा. जपानमध्ये मोबाईल फोनमधल्या या सेलना आगी लागल्या आणि माल परत मागवावा लागला. लिथियम धातू चार्जिंगच्या वेळी सपाट बसत नाही. त्याला शेवाळासारखे आणि काट्यांसारखे फुटवे येतात आणि ते पलीकडे पोचले की शॉर्टसर्किट. दोन वर्षांनी सोनीचा सेल आला, त्यात लिथियमचा पत्राच नव्हता. बाजाराने तोच रस्ता धरला. गंधकाच्या सेलला मात्र लिथियमचा पत्रा लागतोच, कारण गंधकात सुरुवातीला लिथियम नसतं, ते दुसरीकडून यावं लागतं.

मागावरचा धोटा

आता माझ्या अडकलेल्या सेलकडे येऊ. विणकर मागावर कापड विणतो तेव्हा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत फिरत राहतो. इंग्रजीत धोट्याला शटल म्हणतात, आणि आमच्या क्षेत्रातला सगळ्यात बदनाम शब्द म्हणजे 'पॉलिसल्फाइड शटल'. फरक एवढाच की मागावरच्या धोट्यामुळे कापड तयार होतं, इथला धोटा फुकटच फिरतो.

काय होतं बघा. चार्जिंगच्या वेळी कॅथोडवर छोट्या साखळ्यांच्या परत लांब साखळ्या व्हायला लागतात. लांब साखळ्या द्रवात विरघळलेल्या असतात, आणि साखर जशी पाण्यात आपोआप पसरते तशा त्या पसरत पसरत सेपरेटरच्या छिद्रांतून लिथियमच्या पत्र्यापर्यंत जातात. लिथियम तर इलेक्ट्रॉन द्यायला टपलेलंच असतं. तिथे लांब साखळी तुटून छोटी होते. छोटी साखळी उलटी पसरत कॅथोडकडे येते. कॅथोडवर चार्जिंगची वीज तिला पुन्हा लांब करते. ती पुन्हा निघते. फेऱ्या चालू.

बाहेरून तुम्ही जी वीज देताय ती या फेऱ्यांत खर्च होतेय. सेल भरत नाही, फक्त गरम होतो. गच्चीवरच्या टाकीला तळाशी भोक असावं आणि आपण वरून नळ सोडावा, तसं. आता टाकी भरणार की नाही हे कशावर ठरेल? नळाची धार मोठी की भोकातली धार मोठी, यावर.

बरोब्बर हाच हिशेब २००४ मध्ये मिखायलिक आणि अक्रिज या दोघांनी मांडला. ते ॲरिझोनातल्या टूसॉनच्या सायन पॉवर या कंपनीत होते. त्यांनी एक गुणोत्तर काढलं. वरच्या बाजूला शटलचा वेग आणि सेलमधलं गंधक, खालच्या बाजूला चार्जिंगचा प्रवाह. गुणोत्तर एकापेक्षा कमी असेल तर व्होल्टेज शेवटी झपकन वर जातं, चार्जिंग संपतं. एकापेक्षा जास्त असेल तर रेघ आडवी राहते ती राहतेच. माझ्या स्क्रीनवर होती तशी.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. इतर बॅटरी सावकाश चार्ज केली तर बरी भरते. हा सेल शटल चालू असताना जितका सावकाश चार्ज कराल तितका कमी भरतो! म्हणून शटल आहे का हे ओळखायचं असेल तर दोन वेगांनी चार्ज करून बघायचं. हळू चार्ज केल्यावर घेतलेली वीज आणि परत मिळालेली वीज यांतलं अंतर वाढलं, तर धोटा फिरतोय. दुसरी खूण म्हणजे भरलेला सेल दोन-तीन दिवस नुसता ठेवून द्यायचा. डिस्चार्जमधली ती पहिली, वरची पायरी छोटी झाली किंवा गायबच झाली, तर लांब साखळ्या बसल्या जागी लिथियमने खाल्ल्या. तिसरी खूण डोळ्यांनी दिसते. सेल ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला की पांढरा सेपरेटर पिवळा-तपकिरी झालेला असतो. (हे चुकूनही बाहेर उघडू नका. हवेतल्या दमटपणाने हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास, आणि विषारी.)

शटलचं नुकसान फक्त विजेपुरतं नाही. लिथियमपाशी गेलेलं थोडं गंधक तिथेच Li₂S होऊन चिकटतं आणि परत येत नाही. प्रत्येक फेरीत गंधकही थोडं कमी, लिथियमही थोडं कमी.

नायट्रेटची चिमूट

सायन पॉवरच्याच लोकांनी यावर उपाय शोधला. इलेक्ट्रोलाइटमध्ये एक-दोन टक्के लिथियम नायट्रेट घालायचं. बस्. शटल जवळजवळ थांबतं आणि दिलेल्या विजेतली ९८-९९ टक्के परत मिळायला लागते. कारण २००९ मध्ये इस्राएलच्या आउरबाख यांच्या गटाने लिथियमचा पृष्ठभाग तपासून दाखवलं. नायट्रेट लिथियमवर एक थर बसवतं, पॉलिसल्फाइडच्या टोकांना ऑक्सिजन लावून तेही त्या थरात बसवतं, आणि मग पुढच्या साखळ्यांना लिथियमपर्यंत पोचताच येत नाही. भोक बुजलं.

मग प्रश्न संपला? नाही ना. लिथियमचा पत्रा प्रत्येक डिस्चार्जला झिजतो आणि प्रत्येक चार्जिंगला परत बसतो. ज्या भिंतीला रोज पाडून परत बांधतात तिचा रंग टिकेल का? थर दर वेळी फाटतो, दर वेळी नवा थर लागतो, आणि त्यात नायट्रेट खर्च होतं. एक दिवस ते संपतं. त्यानंतर दिलेल्या आणि परत मिळालेल्या विजेतलं अंतर उघडायला लागतं आणि धोटा परत फिरू लागतो. जास्त नायट्रेट घालून आयुष्य वाढवता येतं, पण किती घालणार?

जिथे गणित फसतं

२००९ मध्येच कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून लिंडा नाझर यांच्या गटाचा एक पेपर आला. त्यांनी कार्बनचा असा साचा घेतला ज्यात तीन-चार नॅनोमीटरच्या नळ्याच नळ्या आहेत, आणि वितळलेलं गंधक त्या नळ्यांत भरलं. कार्बन जवळ असल्यामुळे वीज पोचली आणि नळ्यांमुळे पॉलिसल्फाइड अडकून राहिले. एका ग्रॅमला १३२० मिलिअँपिअर-तासांपर्यंत क्षमता मिळाली. या पेपरनंतर या विषयाला जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही. ग्राफीन, नॅनोट्यूब, धातूंची ऑक्साइडं, जे म्हणाल त्यात गंधक अडकवून झालं. मीही त्याच पुरात पोहतेय, हे कबूल करते.

पण पेपरमधला आकडा असतो 'गंधकाच्या दर ग्रॅमला'. बॅटरी विकत घेणारा मोजतो 'अख्ख्या सेलच्या दर किलोला'. या दोन वाक्यांमध्ये काय हरवतं ते आपण एकदा मांडूनच बघू. आकडे गोल धरते.

समजा सेलमध्ये १ ग्रॅम गंधक आहे आणि ते १२०० मिलिअँपिअर-तास देतं. २.१ व्होल्टने गुणलं की अडीच वॉट-तास. आता या एका ग्रॅमबरोबर काय काय वागवायचं? कार्बन आणि बाइंडर ०.४ ग्रॅम. लिथियम खरं तर ०.३ ग्रॅम पुरेल, पण ते दर फेरीला वाया जातं म्हणून तिप्पट घेऊ, ०.९ ग्रॅम. धातूचे पातळ पत्रे, सेपरेटर, बाहेरचं पाकीट मिळून दीड ग्रॅम. इथपर्यंत झाले ३.८ ग्रॅम.

आणि इलेक्ट्रोलाइट? प्रयोगशाळेतल्या नाणेसेलमध्ये दर मिलिग्रॅम गंधकाला दहा मायक्रोलिटर किंवा त्याहूनही जास्त द्रव घालणं सर्रास चालतं. म्हणजे आपल्या १ ग्रॅमला दहा मिलिलिटर, वजन ११ ग्रॅम! एकूण १४.८ ग्रॅम, ऊर्जा अडीच वॉट-तास. किलोमागे १७० वॉट-तास. तुमच्या फोनमधली बॅटरी याच्याहून हलकी.

आता तोच हिशेब इलेक्ट्रोलाइट कमी करून बघा. दर मिलिग्रॅमला तीन मायक्रोलिटर. द्रवाचं वजन ३.३ ग्रॅम, एकूण ७.१ ग्रॅम, किलोमागे ३५० वॉट-तास. आता कुठे लिथियम-आयनच्या पुढे गेलो. बाकी एकही गोष्ट बदलली नाही, फक्त द्रव कमी केला.

मग सगळेच कमी का करत नाहीत? कारण सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेलं ते वाक्य. गंधकाला विरघळल्याशिवाय काम करता येत नाही, आणि विरघळायला द्रव लागतो. द्रव कमी केला की तेवढ्याच थोड्या द्रवात सगळ्या साखळ्या मावाव्या लागतात. तो पाकासारखा घट्ट होतो, लिथियमची ये-जा मंदावते, दुसरी पायरी खाली घसरते आणि क्षमता अर्ध्यावर येते. वरून लिथियमचा पत्रा दर फेरीला नवा थर बांधण्यासाठी तोच द्रव आणि त्यातलं नायट्रेट पितो. भरपूर द्रव असलेला नाणेसेल पाचशे फेऱ्या आरामात दाखवतो, कारण त्याच्याकडे प्यायला साठा आहे. तोच माल तीन मायक्रोलिटरच्या खऱ्या सेलमध्ये घातला की काही डझन फेऱ्यांत कोरडा पडतो.

थोडक्यात, ज्याने सेल टिकतो त्याने तो जड होतो, आणि ज्याने हलका होतो त्याने तो मरतो. शटल थांबवणं हा अर्धाच प्रश्न होता.

चौदा दिवसांचं विमान

मग या सेलला जगात कुठेच जागा मिळाली नाही का? मिळाली, एका ठिकाणी, आणि अगदी दिमाखात. ९ जुलै २०१० रोजी ॲरिझोनातल्या यूमा इथल्या लष्करी तळावरून झेफर नावाचं विनापायलट विमान उडालं. ब्रिटनच्या किनेटिक कंपनीने बनवलेलं. पंखांची लांबी साडेबावीस मीटर, वजन मात्र पन्नास किलोच्या जरासं वर. म्हणजे एका सडपातळ माणसाएवढं. दिवसा पंखांवरच्या सौर पत्र्यांवर उडायचं आणि बॅटरी भरायची, रात्री बॅटरीवर उडत राहायचं. ते चौदा दिवसांहून जास्त, ३३६ तास २२ मिनिटं हवेत राहिलं. बॅटरी होती सायन पॉवरची, लिथियम-सल्फर, किलोमागे साधारण ३५० वॉट-तास. आपल्या वरच्या हिशेबातला आकडाच!

हे विमान आणि हा सेल एकमेकांना इतके का जमले, ते बघण्यासारखं आहे. झेफरला दिवसातून एकच फेरी लागते. चौदा दिवसांना चौदा फेऱ्या. जो सेल शंभर फेऱ्यांत संपतो तो तुमच्या फोनसाठी चार महिन्यांत कचरा, पण या विमानाला तीन महिने पुरतो. डिस्चार्ज अख्ख्या रात्रभर सावकाश, त्यामुळे घट्ट द्रवाचा त्रास कमी. आकार केवढा झाला याची फारशी चिंता नाही. चिंता फक्त वजनाची, कारण प्रत्येक जादा किलोला रात्रभर वर धरून ठेवायला आणखी बॅटरी लागते.

फोन आणि मोटारीचं नेमकं उलटं. तिथे जागा मोजून मिळते. गंधक हलकं आहे, पण भुसभुशीत कार्बन आणि द्रवासकट ते खूप जागा खातं. शिवाय डिस्चार्जमध्ये Li₂S होताना ते सुमारे ८० टक्क्यांनी फुगतं, त्यासाठी मोकळी जागा सोडावी लागते. ऑक्साइडची घनता गंधकाच्या दुपटीहून जास्त आहे. त्यामुळे दर लिटरला किती ऊर्जा असा प्रश्न विचारला की लिथियम-आयन सहज जिंकते. मोटारीला हजारच्या आसपास फेऱ्या हव्या असतात, तेही गंधकाला जमत नाही. म्हणजे वजन कमी असण्याला जिथे खरी किंमत मिळते, अशी गिऱ्हाइकं थोडीच. आणि थोड्या गिऱ्हाइकांवर कारखाना उभा राहत नाही.

त्याच विमानाने बॅटरी बदलली

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डजवळ ऑक्सिस एनर्जी नावाची कंपनी होती. तिने हेच आव्हान घेतलं. किलोमागे ४०० वॉट-तासांच्या पुढचे सेल बनवले, विद्युत विमानांच्या कंपन्यांशी बोलणी केली, ब्राझीलमध्ये मीनास जेराइस राज्यात कारखाना काढायचं जाहीर केलं. मे २०२१ मध्ये पैसे संपले आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचं साहित्य आणि पेटंटं पुढे इतरांनी विकत घेतली.

सायन पॉवरनेही वाट बदलली. लिथियमच्या पत्र्याला जपायचं जे कसब तिने गंधकासोबत कमावलं होतं ते ठेवलं, पण समोरचं गंधक काढून तिथे निकेलवालं ऑक्साइड बसवलं.

आणि झेफर? ते पुढे एअरबसकडे गेलं. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याच्या नव्या आवृत्तीने ॲरिझोनाहूनच उडून जवळजवळ २६ दिवस हवेत राहण्याचा विक्रम केला. पण आता बॅटरी अँप्रियस कंपनीची होती. लिथियम-आयनच, फक्त ग्रॅफाइटच्या जागी सिलिकॉनच्या बारीक तारांचा ॲनोड, आणि किलोमागे ४०० वॉट-तासांच्या पुढे. ज्या एका जागी गंधकाचा सेल वजनावर जिंकला होता, तिथेही धाकट्या भावंडाने त्याला गाठलं.

मला वाटतं या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. लिथियम-सल्फरच्या बातम्या वाचताना आपण २६०० या आकड्याची २५० शी तुलना करतो. पण एक आकडा कागदावरचा आहे आणि दुसरा कारखान्यातून बाहेर पडलेल्या सेलचा. खऱ्या सेलची खऱ्या सेलशी तुलना केली तर दहापट वगैरे काही नाही, दीडपट आहे. आणि दीडपट अंतर समोरच्याने दहा वर्षांत कापलं.

आज या क्षेत्रात नवे खेळाडू आहेत. अमेरिकेत लायटेनने कॅलिफोर्नियात प्रायोगिक उत्पादन सुरू केलं आहे. काही गट द्रव काढूनच टाकून घन इलेक्ट्रोलाइट वापरायच्या मागे आहेत. त्यात पॉलिसल्फाइड विरघळतच नाहीत, म्हणजे शटल नाही. पण मग विरघळल्याशिवाय त्या दुर्वाहक गंधकापर्यंत वीज न्यायची कशी, हा १९६२ चाच प्रश्न परत समोर येतो. काही गट असा द्रव शोधतायत ज्यात पॉलिसल्फाइड अगदी थोडेच विरघळतील. माझं स्वतःचं काम याच शेवटच्या प्रकारात मोडतं, त्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये.

तोवर 'गंधकाची बॅटरी, पाचपट ताकद' अशी बातमी कुठे दिसली, तर तीन गोष्टी शोधून बघा. वजन फक्त गंधकाचं मोजलंय की पाकिटासकट अख्ख्या सेलचं? दर मिलिग्रॅम गंधकाला द्रव किती मायक्रोलिटर? आणि फेऱ्या मोजल्यात त्या याच कमी द्रवात, की भरपूर द्रव असलेल्या नाणेसेलमध्ये? पहिलं उत्तर बहुतेक वेळा सापडतं. दुसरं पेपरच्या पुरवणीत कुठेतरी खोल दडलेलं असतं. तिसरं सापडलं तर मला खाली कळवा, मी जपून ठेवते.

आणि हो, तो माझा अडकलेला सेल. छप्पन्न तासांनी मी स्वतःच मशीन बंद केलं. ग्लोव्हबॉक्समध्ये उघडला तेव्हा सेपरेटर हळदीच्या हाताने पुसल्यासारखा झाला होता, आणि चकचकीत असायला हवा तो लिथियमचा पत्रा काळपट. दुसऱ्या दिवशी तोच सेल पुन्हा बनवला, दोन टक्के नायट्रेट घालून. साडेनऊ तासांत रेघ झपकन वर गेली. खूप आनंद झाला होता तेव्हा. त्या नाण्यात मी गंधकाच्या किती पट इलेक्ट्रोलाइट ओतलं होतं, हा हिशेब करायचं मात्र पुढचं वर्षभर सुचलं नव्हतं.